संध्याकाळची बेल आणि नवनवी कारणे

वाचकाचे पत्र :

आम्ही राजारामपुरीतल्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. यजमान पुण्याजवळच्या कंपनीत आहेत, शनिवारी येतात आणि सोमवारी पहाटे जातात. घरी मी, सासूबाई आणि चौथीतली मुलगी. मी पतसंस्थेत नोकरी करते. समोरच्या फ्लॅटमधले काका साठीच्या आसपासचे, सोसायटीचे खजिनदार आहेत. गेले काही महिने मी कामावरून आले की थोड्याच वेळात ते बेल वाजवतात. कधी पाण्याची वेळ सांगायला, कधी वॉचमनकडचे पार्सल द्यायला, कधी मेंटेनन्सची पावती घेऊन, कधी मोबाईलमधले काहीतरी विचारायला, तर बुधवारी तांबड्या रश्श्याचा डबा घेऊन. काम दोन मिनिटांचे असते, बोलणे अर्धा तास चालते. वावगे असे एकही वाक्य ते आजवर बोललेले नाहीत. सासूबाई म्हणतात, ‘बापाच्या वयाचा माणूस, दोन शब्द बोलला तर काय बिघडलं?’ मला मात्र बेल वाजली की पोटात गोळा येतो. समोरासमोर राहायचे आहे, वैर नको. काय करावे?

— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर :

ताई,

काकांच्या मनात नेमके काय आहे, याचा निकाल तुम्हाला आज लावायचा नाही, आणि तो लावल्याशिवाय काही करता येणार नाही, असेही नाही. माणूस एकटा पडला असेल, निवृत्तीनंतर वेळ खायला उठत असेल, किंवा हेतू बरा नसेल. तिन्ही शक्यतांत तुमचे पहिले पाऊल एकच आहे, आणि त्या पावलानंतर ते कसे वागतात यावरूनच कोणती शक्यता खरी ते बऱ्यापैकी कळते. म्हणून ‘वाईट माणूस आहे’ असे सिद्ध होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. दारात अर्धा तास कोणाशी बोलायचे आणि कोणाशी नाही, हे ठरवण्यासाठी समोरच्याचा दोष लागत नाही.

पत्रात एक गोष्ट आलेली नाही, ती आधी पाहा. शनिवारी-रविवारी यजमान घरी असताना काका बेल वाजवतात का? पाणी रविवारीही येते, पार्सल शनिवारीही येते. बेल फक्त सोमवार ते शुक्रवारच वाजत असेल, तर कारण पाण्याचे नाही, तुम्ही घरात एकट्या कर्त्या असण्याचे आहे. तसेच दार सासूबाईंनी उघडले तर पार्सल देऊन ते लगेच वळतात का, की ‘सूनबाई आल्या का?’ असे विचारून थांबतात? आणि तुमच्या येण्याची वेळ पुढेमागे झाली तर बेलही तशीच पुढेमागे होते का? दोन आठवडे भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये किंवा मोबाईलच्या नोंदवहीत तारीख, वेळ, सांगितलेले कारण, किती वेळ थांबले आणि घरात कोण होते, एवढेच एका ओळीत लिहीत जा. पुढे पुरावा म्हणून ती नोंद उपयोगी पडेलही, पण आत्ता ती तुमच्या स्वतःसाठी आहे. कारण एकेक प्रसंग सुटा पाहिला की ‘आपणच जास्त विचार करतोय’ असे वाटते, आणि सासूबाईंना सांगायला गेले की ते अधिकच वाटते. ओळीने दहा नोंदी समोर असल्या की सांगणे सोपे जाते.

आता पहिले पाऊल. काकांना नाही म्हणण्याआधी त्यांची कारणे काढून घ्या. तुमच्या पत्रातली सगळी कारणे अशी आहेत की त्यांना तुमच्या दाराची मुळात गरजच नाही. पाण्याची वेळ सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकता येते. आपल्याकडे पाणी कधी येईल याचा भरवसा नसल्यामुळे ही माहिती खरोखर मोलाची असते आणि म्हणूनच हे कारण इतके सोयीचे असते. तेव्हा ग्रुपवरच तुम्ही सर्वांदेखत लिहा, ‘पाण्याची वेळ रोज इथेच टाकली तर सगळ्यांना सोयीचे होईल, धन्यवाद.’ यात कोणावर आरोप नाही, आणि पुढच्या वेळी ते सांगायला आले तर ‘हो काका, ग्रुपवर वाचलं’ एवढ्यात विषय संपतो. पार्सलचे वॉचमनला सांगून ठेवा की आमचे काहीही आले तरी ते कोणाच्याही हाती द्यायचे नाही, मी येताना खालून घेईन. हे वॉचमनला एकदा सांगून भागत नाही, कारण त्याच्या दृष्टीने समोरचे काका म्हणजे घरचेच. शिवाय खजिनदारांनी ‘दे इकडे, मी देतो’ म्हटले तर तो नाही म्हणू शकत नाही. म्हणून आठवडाभर रोज खाली थांबून स्वतः विचारा, म्हणजे त्याच्या अंगवळणी पडेल. मेंटेनन्स यजमानांनी सोसायटीच्या खात्यावर ऑनलाइन भरावा आणि पावती त्यांच्याच मोबाईलवर मागवावी. मोबाईलमधल्या शंकांना एकच उत्तर द्या, ‘शनिवारी हे असतात, तेव्हा दाखवा.’

डब्याचे मात्र नाजूक आहे. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, आणि त्यात काही घालून परत केला की पुढच्या बुधवारी तो पुन्हा भरून येतो. ही साखळी तुम्ही तोडावी, पण अन्नाचा अपमान करून नाही. पुढचा डबा आला तर तो दारातून न घेता म्हणा, ‘काका, आम्ही आता संध्याकाळचं बाहेरचं काही घेत नाही, काकूंना सांगते मी.’ आणि खरोखरच रविवारी सकाळी, यजमानांसह किंवा सासूबाईंसह, आधीचा डबा घासून-पुसून काकूंच्या हातात द्या, थोडे काही घालून द्या, आणि त्यांनाच सांगा की आता डबा नको. त्या वेळी बाकीचे काही बोलू नका. काकूंजवळ नवऱ्याची तक्रार पहिल्याच फेरीत केली, तर त्यांना एक तर तुम्हाला खोटे ठरवावे लागते किंवा नवऱ्याला, आणि बहुतेक वेळा त्या तुम्हाला ठरवतात. पण व्यवहार त्यांच्यामार्फत गेला की जे नाते घराचे घराशी असायला हवे ते तिथेच येऊन थांबते. पहिला डबा काकूंनीच पाठवला होता की काय, हेही या निमित्ताने कळेल. कधी कधी घरी त्याचा पत्ताच नसतो.

एवढे केल्यावर पंधरा दिवस थांबून पाहा. माणूस केवळ वेळ घालवायला येत असेल, तर कारणे संपल्यावर तो थोडा खट्टू होईल, एक-दोनदा येऊन जाईल, आणि मग खालच्या कट्ट्यावर किंवा दुसऱ्या कोणाकडे वळेल. हेतू तुमच्यापाशी अडकलेला असेल तर नवी कारणे जन्माला येतील : दारातला दिवा सुरू राहिला होता, जिन्यात कोणीतरी अनोळखी दिसला, तुमच्या गाडीचा आरसा वाकडा झालाय. किंवा कारण सोडून ते थेट तुमच्यावर येतील : ‘रागावलात का आमच्यावर?’, ‘आजकाल बोलत नाही तुम्ही.’ हा दुसरा सूर ऐकू आला की पहिल्या पावलाचे काम झाले असे समजा. आता गप्पा कशाविषयी होत्या हे लपलेले राहिले नाही.

या पंधरा दिवसांत दारात कसे वागायचे, यावर थोडे सविस्तर लिहिते, कारण बहुतेक जणी चुकतात त्या इथे. बाहेरचे जाळीचे दार असेल तर लाकडी दार उघडा, जाळीची कडी काढू नका. पार्सल असलेच तर ‘तिथेच ठेवा, घेते’ म्हणा. जाळीचे दार नसेल तर या महिन्यात बसवून घ्या. भाड्याचे घर असले तरी मालक सहसा त्याला नाही म्हणत नाहीत. तोवर साखळी लावा. दार उघडलेच तर उंबरठ्याच्या मधोमध उभ्या राहा आणि मागे सरकू नका. आपण सवयीने एक पाऊल मागे घेतो, समोरच्याला तो ‘आत या’ असा इशारा वाटतो आणि तो एक पाऊल पुढे येतो. कोल्हापूरच्या माणसाला दारातल्याला ‘या की, चहा घ्या’ म्हटल्याशिवाय चैन पडत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ते वाक्य या दारात काही महिने बंद ठेवा, आणि सासूबाईंनाही बंद ठेवायला लावा.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे सबबी सांगू नका. ‘कुकर लावलाय’, ‘मुलीचा अभ्यास घेतेय’, ‘डोकं दुखतंय’ ही वाक्ये नम्र वाटतात, पण त्यांच्यातून समोरच्याला इतकेच कळते की अडचण आजची आहे. कुकरच्या शिट्ट्या झाल्या की तो पुन्हा येऊ शकतो, आणि तुमच्या डोकेदुखीवर त्याच्याकडे गोळीही असू शकते. त्याऐवजी कारण न देता वाक्य पूर्ण करा : ‘ठीक आहे काका, कळलं. येते मी.’ आणि दार लावून घ्या. दार लावताना तो बोलत असेल तरी लावा. पहिल्या दोन वेळा हात थरथरेल, मन खाईल, तिसऱ्या वेळेपासून सोपे जाते.

दुसरी एक सवय टाळा, ती म्हणजे नवऱ्याला ढाल करण्याची. ‘ह्यांना आवडत नाही’ म्हटले की तुमचा नकार तुमचा राहत नाही. हे पुण्याला गेले की तो नकारही त्यांच्याबरोबर गेला, असा अर्थ काढायला जागा उरते. मोबाईल शनिवारी दाखवा म्हणणे वेगळे, ते काम वळवणे आहे. नकार मात्र स्वतःच्या नावाने द्या. यजमानांना सगळे आधी सांगून ठेवा, नोंदी दाखवा, पण त्यांनी रागाच्या भरात काकांची कॉलर धरायला जाऊ नये, हेही सांगा. एकदा दोन पुरुषांचे भांडण झाले की सोसायटी त्या भांडणाविषयीच बोलते, बेलविषयी कोणी बोलत नाही.

मुलीला घाबरवू नका, पण एक नियम करा : बेल वाजली तर तिने दार उघडायचे नाही, बाहेर कोणीही असो, ओळखीचे असले तरी. नियम सगळ्यांसाठी सारखा असला की काकांविषयी तिला काही सांगावे लागत नाही. ‘आई आली का?’, ‘बाबा कधी येणार?’ असे जिन्यात कोणी विचारले तर ‘आईला विचारा’ म्हणून वर यायचे, हे तिला दोनदा-तीनदा म्हणायला लावा.

पंधरा दिवसांनी बेल वाजायची थांबली नाही, तर पुढचे पाऊल म्हणजे एक स्पष्ट वाक्य. ते एकदाच म्हणायचे, आणि त्याच दिवशी लिहूनही पाठवायचे. बोलताना असे म्हणता येईल : ‘काका, संध्याकाळी तुम्ही दारात येता ते मला नको आहे. सोसायटीचं काही असेल तर ग्रुपवर टाका. आता बेल वाजवू नका.’ आवाज चढवायचा नाही, हसायचेही नाही. मराठी बाईला नाही म्हणताना हसण्याची इतकी सवय असते की ऐकणाऱ्याला त्यातले हसूच तेवढे लक्षात राहते. मग व्हॉट्सॲपवर, ग्रुपवर नव्हे तर त्यांना वैयक्तिक, चार ओळी : ‘नमस्कार. आज प्रत्यक्ष सांगितल्याप्रमाणे, कृपया माझ्या घरी येऊ नये व बेल वाजवू नये. सोसायटीचे काम असल्यास ग्रुपवर लिहावे किंवा माझ्या यजमानांना फोन करावा. कळावे.’ त्यात क्षमा मागू नका, ‘गैरसमज नसावा’ लिहू नका, हात जोडल्याचे चित्रही नको. आरोपही नको, हेतूविषयी एक शब्द लिहिला तरी वाद हेतूवर जातो आणि बेल बाजूला राहते. उत्तर आले तर वाचा, जपून ठेवा, प्रत्युत्तर देऊ नका. संदेश पुसू नका आणि त्यांचा क्रमांक इतक्यात ब्लॉकही करू नका, कारण नंतर ते काय पाठवतात हे दिसणे तुमच्या उपयोगाचे आहे.

हे लिहून देण्याला कायद्यातही वजन आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ७८, जे आधी भारतीय दंड संहितेत ३५४-ड होते, ते पाठलागाविषयी आहे. स्त्रीने आपल्याला रस नसल्याचे स्पष्टपणे दर्शवूनही जो पुरुष वैयक्तिक जवळीक साधण्यासाठी तिच्याशी वारंवार संपर्क करतो किंवा करण्याचा प्रयत्न करतो, त्याला पहिल्या वेळी ३ वर्षांपर्यंत आणि दुसऱ्या वेळी ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय दंड. अंगाला हात लावलेला असणे किंवा अश्लील बोललेले असणे ही त्यासाठी अट नाही. अट आहे ती तुमच्या स्पष्ट नकाराची आणि त्यानंतरही चालू राहिलेल्या प्रयत्नांची. तुम्ही दार अर्धे उघडून हसत पार्सल घेत राहिलात, तर ही अट पूर्ण झाली असे म्हणणे अवघड जाते. दुसऱ्या बाजूने, ज्या भेटीला वाजवी कारण आहे ती गुन्हा ठरत नाही, आणि खजिनदाराने पावती आणून देणे हे वाजवीच दिसते. म्हणूनच कारणे आधी काढून घ्यायला सांगितले. पावती मोबाईलवर जात असताना ती घेऊन दारात येणारा माणूस पावतीसाठी आलेला नसतो, हे मग कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

मधली पायरी सोसायटीची आहे, पण तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. अध्यक्ष किंवा सचिव यांना लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या, आणि अर्जात मागण्या करता येण्याजोग्याच करा : तुमच्या घराशी सोसायटीचा जो व्यवहार आहे तो दुसऱ्या सभासदाने पाहावा, वॉचमनला पार्सलविषयी लेखी सूचना द्यावी, आणि मजल्यावरचे सीसीटीव्हीचे चित्रण अमुक तारखांचे जपून ठेवावे. शेवटची मागणी लवकर करा, कारण जुने चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते. ‘दोन घरांतला वैयक्तिक वाद आहे, आपसात मिटवा’ असे उत्तर येण्याची शक्यता बरीच आहे, आणि एखाद्या सभासदाच्या वैयक्तिक वागण्यावर शिक्षा करण्याचा अधिकार कार्यकारिणीला खरोखरच नाही. तरी पोच घेतलेला अर्ज वाया जात नाही. याच सुमारास मजल्यावरच्या किंवा खालच्या एका तरी विश्वासू बाईला सारे सांगून ठेवा. असा अनुभव आधी दुसऱ्या कोणाला आलेला असतो, पण कोणी पहिले बोलत नाही म्हणून सगळ्या गप्प असतात.

पोलिसांकडे जाणे म्हणजे लगेच खटला, असे नाही. नोंदी, पाठवलेला संदेश आणि सोसायटीचा अर्ज घेऊन तुमच्या हद्दीतल्या ठाण्यात गेलात तर बहुधा आधी समोरच्याला बोलावून समज दिली जाते, आणि अशा वयाच्या, सोसायटीत मान असलेल्या माणसाला तेवढे पुरते. कोल्हापूर पोलिसांचे निर्भया पथक आहे, तिथेही सांगता येते. तुमचा जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यावा, असे म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे.

या सगळ्या पायऱ्या ज्या प्रसंगी सोडून द्यायच्या ते थोडे आहेत, पण पक्के लक्षात ठेवा. काकांनी दार ढकलून आत येण्याचा प्रयत्न केला, हात लावला, शरीराविषयी काही बोलले, रात्री दाराबाहेर थांबलेले दिसले, तुमच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर वारंवार दिसू लागले, किंवा मुलीला एकटे गाठून काही देऊ-विचारू लागले, तर पंधरा दिवस नाही आणि संदेशही नाही; ११२ लावा, आणि मग यजमानांना फोन करा. क्रम हाच ठेवा.

आता सासूबाई. त्यांच्या म्हणण्याला मी हसत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी शहरात शिरले तेव्हा कितीतरी कुटुंबांना वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी सांभाळले, आणि ते पाहिलेल्या माणसाला शेजाऱ्याच्या तोंडावर दार लावणे पाप वाटणारच. त्यांच्याशी काकांच्या हेतूवर वाद घालू नका, त्यात तुम्ही हराल. त्यांना कॅलेंडरवरच्या नोंदी वाचून दाखवा आणि एक काम सोपवा : आठवडाभर संध्याकाळची बेल वाजली की दार त्यांनी उघडायचे, जाळीआडून काम विचारायचे, आणि ‘ती कामात आहे, मला सांगा’ म्हणायचे. काका त्यांच्याशीही अर्धा तास गप्पा मारत बसले तर सासूबाईंचे म्हणणे बरेचसे खरे, आणि त्यांनाही सोबत मिळेल. दोन मिनिटांत वळून गेले, तर तुम्हाला त्यांना वेगळे काही पटवून द्यावे लागणार नाही.

वैराची भीती तुम्ही लिहिलीत म्हणून एवढे आणखी सांगते. काकांनी येणे थांबवले तर लिफ्टमध्ये, जिन्यात ‘नमस्कार काका’ म्हणा, गणपतीच्या आरतीला जा, काकूंनी हळदीकुंकवाला बोलावले तर नक्की जा. दाराचा नियम मात्र तोच ठेवा आणि पुढचे सहा महिने सैल करू नका, कारण बंद झालेल्या भेटी पुन्हा सुरू होतात त्या बहुधा दिवाळीच्या फराळाच्या ताटाने. ते ताट काकूंनी आणले तर घ्या, काका एकटेच घेऊन आले तर जाळीआडूनच सांगा की काकूंकडे मी स्वतः येते.